पक्क्या बिलावर काय काय हवं?

जीएसटी नोंदणीचा क्रमांक हातात पडला की नव्या दुकानदाराला पहिला प्रश्न छपाईवाला विचारतो: बिलबुकावर काय काय छापू? बिल संगणकावर निघणार असेल तर हाच प्रश्न सॉफ्टवेअर बसवून देणारा विचारतो. दुकानदार मग शेजारच्या दुकानाचं एखादं बिल पुढे करतो आणि सांगतो, "असंच करा, फक्त नाव बदला." बहुतेक वेळा हे खपूनही जातं. पहिला मोठा, नोंदणीकृत ग्राहक येईपर्यंत तरी.

कर बीजकावर, म्हणजे बाजारातल्या पक्क्या जीएसटी बिलावर, काय असावं हे केंद्रीय जीएसटी नियमावली 2017 च्या नियम 46 मध्ये लिहिलं आहे. डझन-दीड डझन बाबी आहेत आणि यादी म्हणून वाचल्या तर सगळ्या सारख्याच वजनाच्या वाटतात. तशा त्या नाहीत. याच नियमावलीतला नियम 36 खरेदीदाराला कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, कोणत्या कागदावर मिळते ते सांगतो. 2018 मध्ये त्याला एक परंतुक जोडलं गेलं. बिलावर सगळा तपशील नसला तरी काही ठरावीक गोष्टी असतील तर खरेदीदाराला वजावट घेता येते, असा त्याचा अर्थ. त्या गोष्टी अशा: आकारलेल्या कराची रक्कम, मालाचं वर्णन, एकूण मूल्य, विकणारा आणि घेणारा या दोघांचे जीएसटी क्रमांक, आणि व्यवहार दोन राज्यांमधला असेल तर पुरवठ्याचं ठिकाण. म्हणजे कुठल्या चुकीने दुसऱ्याचे पैसे बुडू शकतात हे कायद्यानेच सांगून ठेवलं आहे. नियम 46 ची बाकी कलमं पाळू नयेत असं नाही. पण नव्या माणसाने आपलं लक्ष कुठे खर्च करायचं, हे या परंतुकातून कळतं.

त्याआधी एक पायरी. हे बिल द्यायचा अधिकार आपल्याला आहे का? महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री करणाऱ्याला वर्षाची उलाढाल 40 लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. सेवा देणाऱ्यासाठी ही मर्यादा 20 लाख आहे. नोंदणी नसलेल्याने बिलावर कर लावायचा नाही, आणि लावून घेतलाच तर तो सरकारकडे भरावा लागतो. दुसरा वर्ग कंपोझिशन योजनेतल्या दुकानदारांचा. त्यांची नोंदणी असते, पण ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही. त्यांनी कर बीजकाऐवजी पुरवठा देयक, म्हणजे बिल ऑफ सप्लाय द्यायचं आणि त्याच्या माथ्यावर आपण कंपोझिशनमध्ये आहोत व कर गोळा करण्यास पात्र नाही हे छापायचं. पुढे जे सांगतो ते तिसऱ्या वर्गासाठी, नेहमीच्या नोंदणीतल्या दुकानदारासाठी.

उदाहरण म्हणून सावंतवाडीतलं विजेच्या सामानाचं एक दुकान धरू. पंखे, वायर, स्विच, दिवे. गिऱ्हाईक गावातलं, आसपासच्या खेड्यांतलं आणि थोडं गोव्यातलं. हे ठिकाण मुद्दाम घेतलं, कारण सीमेवरच्या दुकानात बिलाचा प्रत्येक रकाना बोलू लागतो. आधी एक इशारा: असा दुकानदार म्हापशातल्या एखाद्या हॉटेलला माल पाठवू लागला, तर 40 लाखांची सवलत त्याला लागू राहत नाही. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर साधारणपणे उलाढाल कितीही असो, नोंदणी लागतेच. कंपोझिशनमधल्या व्यापाऱ्याला तर परराज्यात माल विकताच येत नाही.

आता बिल वरून खाली वाचू. माथ्यावर दुकानाचं नाव, पत्ता आणि पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक. नाव नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसंच हवं; पाटीवर वेगळं नाव असेल तर तेही खाली असू द्यावं. हे एकदा छापलं की विषय संपतो. रिव्हर्स चार्जने कर देय आहे का, या ओळीसमोर आपल्यासारख्या दुकानात कायमचं "नाही" छापून ठेवलं की झालं. तळाशी दुकानदाराची किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाची सही. मालाच्या बिलाच्या तीन प्रती काढायच्या: पहिली ग्राहकाला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी आपल्याकडे, कुठली कोणाची हे प्रतीवर छापलेलं असावं. आयआरएन आणि क्यूआर कोड असलेल्या ई-इन्व्हॉइसची काळजी सध्या नको. ते 5 कोटींवरच्या उलाढालीसाठी आहे.

बिलाच्या क्रमांकात मात्र नवखे अडकतात. तो सोळा अक्षरांपेक्षा लांब नसावा, त्यात अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि तिरपी रेघ एवढंच असावं, आणि त्या आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये. SWD/26-27/00041 हा पंधरा अक्षरांचा आहे, चालतो. कौतुकाने गावाचं पूर्ण नाव घालून केलेला SAWANTWADI/2026-27/0041 तेवीस अक्षरांचा होतो, चालत नाही. क्रम सलग हवा. दोन काउंटर असतील तर दोन वेगळ्या मालिका ठेवता येतात, पण प्रत्येकीत खंड नको. जीएसटीआर-1 या विवरणपत्रात कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत बिलं फाडली आणि त्यांतली किती रद्द केली, हे सांगावं लागतं. म्हणून चुकलेलं बिल फाडून टोपलीत टाकायचं नाही. "रद्द" लिहून सगळ्या प्रतींसह बुकातच ठेवायचं.

तारखेचा नियम सोपा आहे, पण बाजाराच्या सवयीला तो आडवा जातो. माल दुकानातून हलतानाच किंवा त्याआधी बिल व्हायला हवं. वायरमनचं खातं असतं, तो आज चार स्विच नेतो, परवा एक कॉइल नेतो आणि म्हणतो, "महिन्याच्या शेवटी एकच बिल करा." उधारी ठेवायला कायद्याची हरकत नाही. माल आज गेला आणि बिल महिनाअखेरीस, हे मात्र चालत नाही. पैसे केव्हाही येवोत, बिल मालासोबत. याला एकच छोटी मोकळीक आहे. 200 रुपयांच्या आतली विक्री असेल, घेणारा नोंदणीकृत नसेल आणि त्याने बिल मागितलं नसेल, तर प्रत्येकाला वेगळं बिल न देता दिवसाच्या शेवटी अशा सगळ्या विक्रीचं एक एकत्रित बिल करता येतं.

ग्राहकाच्या रकान्यात काय लिहायचं हे ग्राहक कोण यावर ठरतं. नोंदणीकृत नसलेला माणूस 50,000 रुपयांच्या आतली खरेदी करत असेल, तर त्याचं नाव-पत्ता त्याने मागितला तरच लिहावा लागतो. 50,000 किंवा त्याहून अधिक झालं की नाव, पत्ता, माल पोचवण्याचा पत्ता, राज्याचं नाव आणि राज्याचा सांकेतिक क्रमांक हे सगळं लागतं. ग्राहक नोंदणीकृत असेल तर रक्कम कितीही असो, नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक हवाच.

हा क्रमांक तोंडी ऐकून लिहू नये. पंधरा अक्षरांपैकी पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र 27, गोवा 30, कर्नाटक 29. पुढची दहा अक्षरं म्हणजे ग्राहकाचा पॅन. शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेलं असतं, त्यामुळे मध्ये एखादं अक्षर चुकलं तर पोर्टल बहुधा क्रमांक स्वीकारतच नाही. खरा धोका दुसरा आहे. क्रमांक बरोबर असतो, पण तो भलत्याच फर्मचा किंवा रद्द झालेल्या नोंदणीचा असतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता करदात्याचा शोध घेता येतो. क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि माणूस नेहमीच्या नोंदणीत आहे की कंपोझिशनमध्ये, हे दिसतं. नव्या ग्राहकाचं पहिलं बिल करताना हे पाहून ठेवावं. क्रमांक चुकला तर तुमच्या विवरणपत्रातलं ते बिल दुसऱ्याच कुणाच्या खात्यात जातं. ज्याने पैसे दिले त्याला वजावट मिळत नाही, आणि तुम्हाला हे कळतं ते त्याचा फोन आल्यावर.

आता ते म्हापशाचं हॉटेल घेऊ. मागणी आहे 12 छताचे पंखे आणि 10 कॉइल वायर. पंख्याचा कराशिवायचा दर 2,000 रुपये, त्यावर 10 टक्के सूट. वायर 1,500 रुपये कॉइल. माल टेम्पोने पोचवायचे 500 रुपये. दोन्ही वस्तूंवर कर 18 टक्के.

मालाच्या ओळीत वर्णन, एचएसएन कोड, नग आणि एकक येतं. एचएसएन म्हणजे जगभर वापरात असलेल्या माल-वर्गीकरणाचा आकडा. पंख्यांचा 8414, वायरचा 8544. 5 कोटींपर्यंत उलाढाल असलेल्याने नोंदणीकृत ग्राहकाच्या बिलावर चार आकडी कोड द्यायचा, किरकोळ ग्राहकाच्या बिलावर तो ऐच्छिक आहे. पण वर्णन "इलेक्ट्रिक सामान" असं मोघम नको. कोणता पंखा, कोणत्या जाडीची वायर हे लिहावं. वर्णन हे परंतुकातल्या अत्यावश्यक गोष्टींपैकी एक आहे, आणि कराचा दर बरोबर लावला आहे की नाही हे तपासणाऱ्याला त्यावरूनच कळतं. कोड मनाने न लिहिता आपल्या घाऊक व्यापाऱ्याच्या खरेदी-बिलावरून घेऊन पडताळावा.

पंख्यांचे 24,000, त्यातून सूट 2,400, राहिले 21,600. वायरचे 15,000. बेरीज 36,600. सूट बिलावर दाखवली म्हणूनच ती करपात्र रकमेतून वजा झाली. बिल 24,000 चंच केलं आणि 2,400 तोंडी सोडले, तर कर पूर्ण 24,000 वर बसतो. आता ते 500. बरेच जण आधी 36,600 वर कर लावतात आणि भाडं शेवटी, करानंतर जोडतात. ते चूक आहे. माल पोचवण्याचा खर्च दुकानदारच आकारत असेल तर तो पुरवठ्याच्या मूल्याचाच भाग असतो. करपात्र रक्कम म्हणून 37,100 धरायची. त्यावर 18 टक्के म्हणजे 6,678, आणि एकूण बिल 43,778. भाडं करानंतर जोडलं असतं तर 90 रुपयांचा कर राहिला असता. रक्कम लहान, पण अशा नव्वदांची वर्षभरात भली मोठी थकबाकी होते, आणि ती ग्राहकाकडून मागायची वेळ तेव्हा निघून गेलेली असते.

आता सगळ्यात महागडा रकाना. हे 6,678 कोणत्या नावाने लिहायचे? दुकान सावंतवाडीत, माल पोचतो म्हापशात. माल जिथे पोचून प्रवास संपतो ते पुरवठ्याचं ठिकाण, म्हणजे गोवा, 30. विकणाऱ्याचं राज्य आणि पुरवठ्याचं राज्य वेगळं, म्हणून पूर्ण 18 टक्के एकात्मिक कर, म्हणजे आयजीएसटी. हाच माल सावंतवाडीतल्या हॉटेलला दिला असता तर निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा, प्रत्येकी 3,339. बिलावर कराचा दर आणि रक्कम, दोन्ही या फोडीनुसार वेगवेगळी दाखवायची असतात.

गोम अशी की दोन्ही रीतींनी बिलाची एकूण रक्कम 43,778 च येते. सवयीने कुणी सीजीएसटी आणि एसजीएसटी लावून बिल केलं तर ग्राहकाच्या किंवा दुकानदाराच्या ध्यानात येत नाही. पैसे चुकते होतात, माल पोचतो. चूक दिसते ती पुढच्या महिन्यात, हॉटेलच्या हिशेबनिसाने त्यांचं जीएसटीआर-2बी उघडल्यावर. हे बिल तिथे वजावट न मिळणाऱ्यांच्या यादीत बसलेलं असतं. कारण उघड आहे: महाराष्ट्राच्या तिजोरीत भरलेल्या राज्य कराची वजावट गोव्यातल्या करदात्याला देता येत नाही. वस्तू जिथे वापरली जाते त्या राज्याला कराचा वाटा मिळावा या तत्त्वावर जीएसटी उभा आहे, आणि तो वाटा कुठे पाठवायचा हे सरकारला या एका रकान्यावरून कळतं.

दुरुस्तीची वाट आहे, पण ती दुकानदाराच्या खिशातून जाते. आयजीएसटीचे 6,678 पुन्हा भरायचे आणि चुकून भरलेल्या सीजीएसटी-एसजीएसटीचा परतावा मागायचा. कायद्याने एवढी दया दाखवली आहे की अशा चुकीवर व्याज लागत नाही. परताव्याचा अर्ज मुदतीत, दोन वर्षांच्या आत, करावा लागतो आणि तोवर भांडवल अडकून पडतं.

हाच रकाना आणखी दोन ठिकाणी दगा देतो. हॉटेलची मूळ कंपनी मुंबईची आहे असं समजा. तिने सांगितलं, "बिल आमच्या मुंबईच्या क्रमांकावर करा, माल म्हापशात टाका." इथे माल मुंबईच्या कंपनीलाच मिळाला असं कायदा धरतो. पुरवठ्याचं ठिकाण महाराष्ट्र होतं आणि कर सीजीएसटी-एसजीएसटी. माल पोचवण्याचा पत्ता वेगळा लिहायचा असतो तो अशासाठीच.

दुसरं उदाहरण पेडण्याहून आलेल्या घरमालकाचं. नोंदणी नाही, नव्या घराच्या वायरिंगसाठी 62,000 चं सामान दुकानातून स्वतःच गाडीत भरून नेलं. 1 ऑक्टोबर 2023 पासून अशा ग्राहकासाठी नियम असा आहे: बिलावर त्याचा पत्ता लिहिला असेल तर ते पुरवठ्याचं ठिकाण, लिहिला नसेल तर दुकानाचं राज्य. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी पत्ता लिहिला असं मानतात. रक्कम 50,000 च्या वर असल्याने पत्ता लिहिणं भागच आहे, म्हणून आयजीएसटी. त्याने नुसता एक 2,360 चा पंखा नेला असता आणि पत्ता लिहिला नसता, तर 2,000 अधिक दोन्ही कर 180-180 असं बिल झालं असतं. (छापील किमतीत सगळे कर धरलेलेच असतात, 18 टक्क्यांचा माल असेल तर विक्रीच्या रकमेला 118 ने भागून 100 ने गुणलं की कराशिवायची किंमत निघते. छापील किमतीवर वरून जीएसटी लावणं हा तर सरळ गुन्हाच.)

इतकं वाचून कुणी धास्तावला असेल तर दुसरी बाजूही सांगायला हवी. बिल न देता माल विकला किंवा चुकीचं, खोटं बिल दिलं, तर दंड 10,000 रुपये किंवा बुडवलेल्या कराइतका, यांपैकी जे जास्त ते. पण सहज दुरुस्त होणारी, फसवणुकीचा हेतू नसलेली कागदोपत्री चूक असेल, तर दंड करू नये असं त्याच कायद्याचं कलम 126 सांगतं. 5,000 रुपयांच्या आत कर गुंतलेल्या चुकीला ते किरकोळ मानतं. म्हणजे एककाच्या जागी "नग" लिहायचं राहिलं म्हणून दुकान बंद पडत नाही. बिल झाल्यावर माल परत आला किंवा रक्कम जास्त लागली, तर जुन्या बिलावर खाडाखोड न करता त्याचा क्रमांक देऊन क्रेडिट नोट काढायची. विवरणपत्र भरण्याआधी बिलं एकदा चाळून पाहिली तर बहुतेक चुका तिथेच सापडतात: 30 ने सुरू होणारा क्रमांक आणि त्यापुढे सीजीएसटी, अशी जोडी दिसली की थांबून पाहायचं.

बिलांच्या प्रती त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपायच्या असतात. 2026-27 ची मुदत 31 डिसेंबर 2027 ला संपते, म्हणजे त्या वर्षीची बिलबुकं, रद्द केलेल्या बिलांसकट, 31 डिसेंबर 2033 पर्यंत दुकानात सापडली पाहिजेत.